आजींचं जास्तीचं बोट : चित्रशैलीतल्या एका पोर्ट्रेटची तपासणी

कोल्हापूरजवळच्या एका गावातलं कुटुंब. आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला हॉलमध्ये लावायला त्यांचं तैलचित्रासारखं दिसणारं मोठं पोर्ट्रेट हवं होतं. २० बाय ३० इंच, कॅनव्हासवर छापलेलं. नातवानं मोबाईलवर काढलेला फोटो दिला आणि आमच्या स्टुडिओत आम्ही तो डिफ्यूजन मॉडेलमधून, म्हणजे चित्रं तयार करणाऱ्या एआयमधून, तैलरंगाच्या शैलीत उतरवून घेतला. पहिली प्रत मी त्यांच्या घरी लॅपटॉपवर दाखवली. सगळे खूश झाले. सून म्हणाली, "आई किती उजळ दिसतायत." आजींनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ आल्या आणि मांडीवरच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्ये बोट कुणाचं रं? माझं तर कडबाकुट्टीत गेलंय की."

त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. तरुणपणी वैरण कापताना गेलं. चित्रात ते बोट पूर्ण होतं, नखासकट. मी ते चित्र त्यांच्या घरी नेण्याआधी तपासलं होतं. हाताला पाच बोटं आहेत ना, हे मोजलं होतं. पाच होती, म्हणून पुढे गेलो.

या प्रकरणानंतर आमच्याकडे चित्र तपासण्याची पद्धत मुळापासून बदलली. तोवर आम्ही चित्रात "चूक" शोधायचो, म्हणजे सहावं बोट, तिरळा डोळा, वितळलेला कान. पण मॉडेल आता अशा ढोबळ चुका कमी करतं. ते माणसाला दुरुस्त करतं, आणि दुरुस्त केलेला माणूस तपासणीत सहज पास होतो, कारण त्याच्यात खटकण्यासारखं काहीच उरत नाही. म्हणून आता आम्ही चित्र शरीरशास्त्राशी ताडून थांबत नाही, फोटोतल्या माणसाशी ताडतो. त्या एका चित्रात काय काय निघालं ते इथे सविस्तर लिहितो आहे.

तपासणीआधीची यादी

त्यांच्या घरून परत आल्यावर मी चित्र उघडलंच नाही. आधी फक्त मूळ फोटो पाहिला आणि आजींच्या चेहऱ्या-हातावर जे जे त्यांचं स्वतःचं आहे ते वहीत लिहिलं. डावी पापणी उजवीपेक्षा खाली. दोन्ही बुबुळांच्या कडेला वयामुळे आलेलं राखाडी-निळसर कडं. कपाळावर कुंकवाखाली एक गोंदण आणि हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. डाव्या नाकपुडीत फुली. वरच्या ओळीतला, त्यांच्या डावीकडचा एक दात पडलेला, बाकीचे मिश्रीनं काळपट. उजव्या तर्जनीचं पेर नाही. बोटांचे सांधे सुजलेले. डाव्या मनगटात सहा हिरव्या बांगड्या. डोक्यावर जांभळ्या इरकलीचा पदर, त्यामुळे फक्त उजवा कान दिसतो.

डावं-उजवं नेहमी त्या माणसाचं लिहायचं, चित्र पाहणाऱ्याचं नाही. हा नियम नसेल तर दुरुस्ती करणारा मुलगा भलत्याच बाजूला काम करतो. फोटो सेल्फी कॅमेऱ्यानं काढला असेल तर तो आरशासारखा उलटा साठवला गेलेला असू शकतो, हेही आधी बघावं लागतं. इथे फुली डाव्या नाकपुडीत होती आणि पदर डाव्या खांद्यावरून आला होता, म्हणजे फोटो सुलटाच होता.

यादी चित्राकडे पाहण्याआधीच करायची. एकदा चित्र पाहिलं की डोळा त्याला सरावतो आणि फोटोतला खरा तपशीलच "फोटोतला दोष" वाटायला लागतो. पहिल्या वेळी माझं हेच झालं होतं.

चेहऱ्याची ठेवण

फोटो आणि चित्र एकमेकांवर ठेवायचे तर कुठे जुळवायचे हा पहिला प्रश्न. आम्ही दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे, म्हणजे नाकाकडचे, जुळवतो. बाहेरचे कोपरे हसण्यानं हलतात, ओठ तर हलतातच. आतले कोपरे हाडाला धरून असल्यासारखे स्थिर राहतात. मग वरच्या थराची पारदर्शकता निम्मी करायची आणि तो थर भराभर चालू-बंद करायचा. जे उडी मारतं ते बदललेलं असतं.

आजींच्या चित्रात पहिली उडी डाव्या पापणीनं मारली. फोटोत डाव्या डोळ्याची उघडीक उजव्याच्या साधारण तीन-चतुर्थांश होती. चित्रात दोन्ही डोळे सारखे उघडे. मॉडेलनं चेहरा समतोल केला होता, आणि त्यामुळे आजींच्या बघण्यातला तो किंचित मिस्कीलपणा गेला होता. नातू पहिल्या दिवशी नुसतंच म्हणाला होता, "छान आहे, पण आजी कुठंतरी वेगळी वाटते." त्याला कारण सांगता आलं नव्हतं. कारण त्या पापणीत होतं.

उलट, उजवा कान फोटोतल्यापेक्षा बराच वर सरकला होता. ही विषमता मॉडेलनं घातलेली, आजींची नाही. म्हणजे एकाच चेहऱ्यात खरी विषमता पुसली गेली आणि खोटी आली. चित्र आडवं उलटवून पाहिलं की खोटी विषमता लगेच दिसते, हा चित्रकारांचा जुना उपाय आहे आणि तो इथेही चालतो. पण पुसली गेलेली विषमता उलटवून कधीच सापडत नाही, कारण सारखे डोळे उलटवले तरी सारखेच दिसतात. तिथे मूळ फोटोच लागतो.

डोळे

डोळ्यांत तीन गोष्टी बिघडल्या होत्या, आणि त्यांचं मूळ एकच होतं.

आम्ही वापरतो ते मॉडेल चित्र जसंच्या तसं हाताळत नाही. आधी ते आकसून घेतं: लांबीत आठ पिक्सेल आणि रुंदीत आठ पिक्सेल मिळून एक चौकट, अशा चौकटींवर काम करतं आणि शेवटी पुन्हा फुलवतं. आमचं पहिलं चित्र ७६८ बाय ११५२ पिक्सेलचं होतं. त्यात आजींचा एक डोळा साधारण ३८ पिक्सेल रुंद. म्हणजे आख्ख्या डोळ्याला जेमतेम पाच चौकटी, आणि बाहुली तर एका चौकटीपेक्षाही लहान. एवढ्याशा जागेत मॉडेल बाहुली आठवू शकत नाही, अंदाजानं भरतं. पोर्ट्रेट जितकं दुरून, तितके डोळे-दात कच्चे, याचं कारण हेच.

पहिली चूक चमकेची. फोटो ओसरीवर काढलेला. अंगणातल्या उघड्या आभाळाचा उजेड आजींच्या उजवीकडून वरून येत होता. त्यामुळे फोटोत दोन्ही बुबुळांवरचा पांढरा ठिपका एकाच जागी होता. घड्याळाची तबकडी डोळ्यावर ठेवली तर दहाच्या आकड्याशी. चित्रात उजव्या डोळ्यात तो दहाशी आणि डाव्यात दोनशी होता, जणू दोन डोळ्यांना दोन वेगवेगळे दिवे लावलेत. तैलचित्रात हा ठिपका ब्रशचा एक फटकारा असतो, आकार वाकडातिकडा असला तरी चालतो. पण दिशा चुकली तर चेहऱ्याला जिवंतपणा येत नाही. लोकांना ते "काचेचे डोळे" वाटतात.

दुसरी चूक नजरेची. एक डोळा हातानं झाकून दुसरा कुठे बघतोय ते स्वतःला विचारायचं, मग उलट. फोटोत आजी कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला उभ्या नातवाकडे पाहत होत्या. चित्रात उजवा डोळा नातवाकडेच होता, डावा थेट आपल्याकडे. बुबुळ दोन-तीन पिक्सेल सरकलं तरी हे होतं.

तिसरी चूक मात्र मला अजून बोचते. बुबुळाभोवतीचं ते राखाडी कडं मॉडेलनं आत पसरवलं आणि आजींचे डोळे घारे करून टाकले. गडद तपकिरी डोळ्यांच्या बाईचे निळसर-घारे डोळे! पहिल्या तपासणीत मी हे पाहिलं होतं, आणि "रंगसंगतीत छान दिसतंय" असं म्हणून सोडून दिलं होतं.

उपाय माहीत होता: चेहऱ्याचा भाग कापून, मोठा करून, तेवढाच पुन्हा मॉडेलमधून काढायचा. मग डोळ्याला पाचऐवजी सोळा-सतरा चौकटी मिळतात. खरं तर पहिल्या प्रतीतही ही पायरी आपोआप चालू होती आणि तिनं डोळे रेखीव केलेही होते. पण तेव्हा तिला दिलेलं चित्र हे आधीच चुकलेलं चित्र होतं. घारा डोळा मोठा करून तिनं सुबक घारा डोळा काढला. शिवाय फेरबदलाचं प्रमाण, म्हणजे मॉडेलला मूळ चित्रापासून किती दूर जायची मुभा आहे तो आकडा, ०.५ वर होता. या वेळी मी कापलेल्या भागात चित्राऐवजी मूळ फोटोचा चेहरा घातला आणि आकडा ०.२५ ठेवला. ब्रशचे फटकारे कमी उमटले, पण डोळे आजींचे आले. डाव्या डोळ्यातली चमक तरीही एका बाजूला कलली होती. ती टॅब्लेटवर पेननं हातानं हलवली. दोन मिनिटांचं काम. असं काम मॉडेलकडून पुन्हापुन्हा करून घेण्यात अर्थ नसतो, कारण दर वेळी ते दुसरं काहीतरी बदलतं.

दात

दातांत चूक ओळखायला मोजणी लागते, पण सगळे दात मोजायचे नाहीत. वरच्या दोन मधल्या दातांमधली फट नाकाखालच्या खळीच्या रेषेत येते का, तेवढं आधी बघायचं. काही माणसांत ती थोडी सरकलेली असते, म्हणून फोटोशी ताडायचं. आजींच्या चित्रात खळीच्या बरोबर खाली फट नव्हती, आख्खा दात होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन दात आणि मग सुळे. म्हणजे सुळ्यांच्या मध्ये चारऐवजी पाच. पडलेल्या दाताची जागा भरली होती आणि वर एक जास्तीचा आला होता.

रंग तर साफच बदलला होता. मिश्रीनं काळपट झालेले दात चित्रात पांढरेशुभ्र. तोंडाच्या आत सावली असते. तिथला दात ओठाबाहेरच्या उजेडातल्या पांढऱ्या वस्तूपेक्षा कधीच उजळ नसतो. इथे दात मागच्या चुन्याच्या भिंतीशी स्पर्धा करत होते. दुरुस्तीत आम्ही दात वेगवेगळे रेखाटलेच नाहीत. जुन्या तैलचित्रांत दात एकाच करड्या-पिवळट पट्ट्यात रंगवून मधल्या रेषा नुसत्या सुचवलेल्या असतात, तसंच केलं, आणि पडलेल्या दाताची जागा गडद ठेवली. ती फट दाखवायची का, हे अर्थातच आजींना विचारून.

हात

"बोटं मोजा" हा सल्ला अपुरा आहे, हे सुरुवातीला सांगितलंच. आता आम्ही बोटं टोकाकडून मोजत नाही. मनगटापासून निघून प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत वेगळ्या रंगाच्या रेषेनं वरच्या थरावर ओढतो, सांध्यांवर ठिपके देतो, आणि हीच रेषा फोटोवरही ओढतो. मग दोन्ही शेजारी ठेवतो. जे बोट दुसऱ्या हाताखाली गेलं आहे, त्याची रेषा जिथे लपते तिथेच थांबवायची.

आजींचा उजवा हात डाव्यावर ठेवलेला होता. रेषा ओढल्यावर तीन गोष्टी उघड झाल्या. उजव्या तर्जनीवर फोटोत सांध्याचे दोन ठिपके, चित्रात तीन. डाव्या हाताची करंगळी फोटोत पूर्ण झाकलेली. चित्रात उजव्या तळव्याखालून एक टोक बाहेर आलेलं, ज्याची रेषा मागे नेली तर कुठल्याच मुळाला पोचत नव्हती. पहिल्या वेळी मी जी पाच बोटं मोजली, ती दोन हातांची मिसळलेली होती. आणि सुजलेले सांधे सपाट होऊन हात पंचविशीतल्या मुलीचे झाले होते, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मात्र शाबूत. मान खाली घालून चाळीस-पन्नास वर्षं भाकरी थापलेले हात ते. त्यांचं वय चेहऱ्याच्या वयाशी जुळायलाच हवं.

बांगड्या सहाच्या सात झाल्या होत्या आणि एक बांगडी अर्ध्यावर मनगटाच्या कातडीत विरघळली होती. गोल वस्तू मनगटाच्या मागे जाऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर येते का, हे प्रत्येक बांगडीसाठी बघायचं.

हातावर मॉडेलची सवय चेहऱ्यापेक्षाही हट्टी निघाली. ०.२५ वरसुद्धा तर्जनी पूर्ण होऊन आली. फक्त तर्जनीवर मास्क लावून, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून पाहिलं, तर तिसऱ्या खेपेला तिथे अंगठी उगवली. शेवटी ते बोट आणि त्याच्या आजूबाजूचा भाग आम्ही मॉडेलला दिलाच नाही. फोटोतलं बोट तसंच ठेवून त्यावर तैलरंगाच्या ब्रशनं हातानं फटकारे दिले. या कामाला दीड तास गेला.

बोट दाखवायचं की पदराखाली झाकायचं, हे मी फोन करून विचारलं. नातू अडखळला. आजी मागून म्हणाल्या, "हाय तसं असू दे. त्येनंच राबलीया मी."

त्वचेचा रंग

सुनेचं ते "उजळ" मी पहिल्या दिवशी कौतुक म्हणून घेतलं होतं. यादी करताना लक्षात आलं, ती अगदी अचूक तक्रार होती, फक्त तक्रारीच्या सुरात केलेली नव्हती.

रंग नुसत्या डोळ्यानं तपासता येत नाही, कारण शेजारचा रंग बदलला की डोळा फसतो. फोटो-संपादनाच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये रंग L, a, b या तीन आकड्यांत दिसू शकतो. L म्हणजे उजेड, ० काळा आणि १०० पांढरा. a वाढला तर लालसरपणा वाढतो, b वाढला तर पिवळेपणा. तैलशैलीत ब्रशच्या फटकाऱ्यांमुळे शेजारशेजारचे पिक्सेल वेगळे असतात, म्हणून एका पिक्सेलचा आकडा घ्यायचा नाही. चित्राची आणि फोटोची सारखीच धूसर केलेली प्रत काढून त्यावर ५१ बाय ५१ पिक्सेलची सरासरी घ्यायची, चमकणारी किंवा खोल सावलीतली जागा टाळून.

मी पाच जागा निवडल्या. फोटोत उजेडाकडच्या गालाचा L होता ४२, कपाळ ४५, मान ३६, हाताची पाठ ३९, आणि मागची चुन्याची भिंत ८१. चित्रात गाल ५६, कपाळ ५८, मान ४०, हात ४२, भिंत ८२.

या आकड्यांत आधी भिंत बघायची. ती जवळजवळ हलली नाही, म्हणजे सगळं चित्र उजळलेलं नाही, फक्त माणूस उजळला आहे. मग माणसात बघायचं: मान आणि हात तीन-चारनं वर, चेहरा तेरा-चौदानं. म्हणजे मूळ शैलीनं थोडं उजळलं, आणि चेहऱ्यावर त्याशिवाय आणखी कुणीतरी हात फिरवला. L मध्ये दोन-अडीचचा फरक शेजारीशेजारी ठेवल्यावर जेमतेम दिसतो. चौदाचा फरक म्हणजे दुसऱ्या वर्णाचा माणूस. गालाचा b २० वरून २७ झाला होता आणि a १५ वरून १२. गडद, किंचित तांबूस त्वचा फिकट सोनेरी झाली होती. चेहरा आणि गळा यांच्यात मेकअपचा मुखवटा लावल्यासारखी सीमा दिसत होती. हनुवटीखाली पाहिलं की ती लगेच कळते.

हात फिरवणारा कोण, हे शोधायला मी चेहरा मोठा करून पुन्हा काढण्याची पायरी बंद केली. गाल ४६ वर आला, कपाळ ४८ वर. म्हणजे दोषी तीच पायरी, जी डोळे वाचवायला हवी होती. चेहरा कापून दिला की ओसरीची सावली, काळपट दार, पदराची छाया हे सगळं मॉडेलच्या नजरेआड जातं आणि ते चेहरा स्टुडिओच्या दिव्याखाली असल्यासारखा रंगवतं. कापताना खांदे आणि पदर आत घेऊन पाहिलं, तर गाल ५६ ऐवजी ५० वर थांबला. मॉडेलला दिलेल्या सूचनेतला एक शब्दही नडला होता: शैलीचं वर्णन करताना मी "उबदार सोनेरी उजेड" असं लिहिलं होतं. फोटोत तसा उजेड नव्हताच. तो शब्द काढल्यावर b तीननं उतरला.

तेव्हा मार्ग असा निघाला. मोठा केलेला चेहरा आख्खा वापरायचा नाही. त्यातले फक्त डोळे आणि तोंड घ्यायचे, मऊ कडेच्या मास्कनं मूळ चित्रावर बसवायचे, आणि गाल, कपाळ, नाक पहिल्या पायरीचेच ठेवायचे. उरलेला तीन-चारचा फरक हातानं उतरवायचा.

या उतरवण्यात एक फसगत होते. बरेच जण फोटोची धूसर प्रत चित्रावर ठेवून थर मिसळण्याची पद्धत Color करतात आणि रंग जुळला असं समजतात. त्या पद्धतीत लालसर-पिवळेपणा जुळतो, उजेड तसाच राहतो. परिणामी चेहरा उजळच राहतो, फक्त त्याच्यावर तांबूस झाक येते, आणि ते जास्तच विचित्र दिसतं. उजेडासाठी त्वचेवर मास्क लावून उजेड कमी-जास्त करणारा वेगळा कर्व्ह उतरवावा लागतो, आणि त्याची पद्धत Luminosity ठेवावी लागते. नाहीतर कर्व्ह खाली ओढताना रंग भडक होतात आणि गडद त्वचा विटकरी दिसायला लागते. हे दोन्ही थर लावल्यावर गाल ४३, कपाळ ४६, मान ३७, हात ४० असे आकडे आले. b २२ वर ठेवला, दोननं जास्त, कारण तैलचित्राची सगळीच रंगछटा थोडी उबदार होती आणि इरकलीचा जांभळाही तेवढाच सरकला होता. त्वचा आणि कापड एकाच मापानं सरकले तर तो शैलीचा भाग असतो. नुसती त्वचा सरकली तर तो दोष.

भिंतीच्या कसोटीची एक मर्यादा नंतर दुसऱ्या कामात लक्षात आली. फोटोतले रंग कसे वाचायचे हे फाइलमधली रंगप्रोफाइल सांगते, आणि काही फोनचे फोटो जास्त विस्तृत रंगप्रोफाइलमध्ये साठवलेले असतात. ती प्रोफाइल वाटेत गळून पडली तर भडक रंग फिके होतात, पण पांढरी-करडी भिंत तशीच राहते. म्हणून आता भिंतीबरोबर कुंकवाचा लाल किंवा बांगडीचा हिरवाही मोजतो. आजींच्या फोटोत कुंकू जागच्या जागी होतं, तेव्हा ती शंका मिटली.

गोंदणाचं राहिलं. हनुवटीवरचे तीन ठिपके चित्रात एक डाग होऊन त्वचेत मिसळले होते. कपाळावरचं तर पुसलंच गेलं होतं. त्वचा "स्वच्छ" करणाऱ्या कुठल्याही पायरीला गोंदण डागच वाटतं. दोन्ही पुन्हा हातानं काढले, हिरवट-करड्या रंगात, फोटोतल्या अंतरानं.

छपाईआधी कॅनव्हासचा एक हातभर तुकडा छापून घेतला, चेहरा आणि हात येतील असा. छापखान्यातल्या मुलानं नेहमीच्या सवयीनं "सर, फेस थोडा ब्राइट करू का, प्रिंटमध्ये डल जाईल" असं विचारलं. कॅनव्हासवर गडद छटा खरंच थोड्या बसतात, त्यामुळे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्यानं फक्त चेहरा उजळवला असता तर आमचं सगळं काम वाया गेलं असतं. त्याला आख्ख्या चित्रातल्या मध्यम उजेडाच्या छटा किंचित उजळायला सांगितलं, भिंतीसकट. तुकडा दारात नेऊन दिवसाच्या उजेडात फोटोशेजारी धरला आणि मगच मोठी छपाई सांगितली.

जे केलं नाही

त्याच कुटुंबाला आजींच्या वडिलांचंही चित्र याच शैलीत हवं होतं. त्यांचा एकच फोटो होता, स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल. त्यात चेहरा पुसल्यासारखा गुळगुळीत आणि डोळ्यांच्या कडा पेन्सिलीनं ओढल्यासारख्या. तेव्हाचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम करायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते, तिथे छापील फोटोत उजळ येतं. म्हणजे त्या चेहऱ्याचा उजेड आधीच कुणीतरी बदललेला होता, आणि रंग तर फोटोत नव्हताच. ताडून पाहायला खाली काही उरलंच नव्हतं.

आजींना विचारलं, वडील सावळे होते की गोरे. त्या म्हणाल्या, "उन्हात असायचे, काळेच की. पर दंडावर गोरे हुते." एवढ्यावरून गालाचा रंग ठरवणं मला पटलं नाही. ते चित्र आम्ही रंगात केलं नाही; तपकिरी एकरंगातच ठेवलं, डोळे आणि ओठ फोटोतलेच राहू दिले, शैली फक्त फेट्यावर, कोटावर आणि पार्श्वभूमीवर उतरवली. कुटुंबाला सुरुवातीला ते अर्धवट वाटलं. दोन्ही चित्रं आता हॉलमध्ये शेजारीशेजारी आहेत.